साठ पाहुणे, दोन सारणे: सँडविच किती करायची आणि ब्रेडचे पुडे किती आणायचे

साठ माणसांच्या घरगुती कार्यक्रमाला सँडविच करायची ठरली की हिशेब बहुधा एकाच ठिकाणी चुकतो. सारणे दोन आहेत, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक सारणाचे एक सँडविच, म्हणजे साठ अधिक साठ असे एकशेवीस, असे धरले जाते आणि त्यावरून ब्रेड मागवला जातो. दोन वर्षांपूर्वी खानापूरला भावाच्या घरच्या कार्यक्रमात मी स्वतः असेच केले होते. रात्री साडेआठला बटाट्याची चाळिसेक सँडविच ताटात कडक होऊन पडली होती, आणि उशिरा आलेल्या शेजारच्या जैन कुटुंबासाठी काकडीचे एकही उरले नव्हते. ब्रेड भरपूर होता, तरी ज्यांना हवे त्यांना मिळाले नाही, याचे वाईट अजून वाटते.

सारण दोन झाल्याने माणसाची भूक दुप्पट होत नाही. एकूण आकडा आधी काढायचा आणि सारणांत त्याची वाटणी नंतर करायची, हा क्रम पाळला तर पुढचे सगळे सरळ होते. खाली शहापूरमधील एका घरच्या पहिल्या वाढदिवसाचा हिशेब पूर्ण मांडला आहे. माणसे ६०, वेळ संध्याकाळी पाचची, सोबत केक, चिवडा, कुंदा आणि चहा. सारणे दोन: उकडलेल्या बटाट्याचे मटार घातलेले, आणि हिरवी चटणी लावून काकडीचे.

१. माणसे मोजा, मग तुकडे मोजा

प्रथम साठ हा आकडा कशाचा आहे ते पाहावे. आमंत्रणे साठ दिली असतील तर येणारी माणसे निराळी असतात. आपल्याकडे एका आमंत्रणावर आजी-आजोबांसह पूर्ण घर येते, आणि कामाला आलेल्या बायका, फोटो काढणारा मुलगा, गाडीचा चालक ही माणसे यादीत कोणी लिहीत नाही. तीही खाणार आहेत. त्यांना धरून साठ होत असतील तरच पुढचा हिशेब जसाच्या तसा लागू होईल.

यादीत तीन खुणा कराव्यात: मोठी माणसे, दहा वर्षांखालील मुले, आणि कांदा, लसूण, बटाटा न खाणारी माणसे. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यामुळे ही तिसरी खूण इथल्या बहुतेक घरांना करावीच लागते, आणि दोन सारणांचा हिशेब खरा तिच्यावरच बसतो. शहापूरच्या यादीत मोठी माणसे ४६ आणि मुले १४ होती. त्यांपैकी ८ मोठी आणि २ मुले जैन कुटुंबांतील होती.

आता माप ठरवावे. अख्खे सँडविच म्हणजे दोन स्लाइस. ते मधून कापले की दोन तुकडे होतात. ताटातून माणूस तुकडा उचलतो, म्हणून मोजणीही तुकड्यांत करावी. सोबत चिवडा, गोड आणि चहा असेल तर मोठ्या माणसाला ३ तुकडे आणि मुलाला २ तुकडे पुरतात. तासाभराने जेवण असेल तर मोठ्यांना २ तुकडे बस्स होतात. सँडविच हेच रात्रीचे खाणे असेल तर मोठ्यांना ५ तुकडे धरावेत.

आपल्या उदाहरणात ४६ जणांचे तीन-तीन प्रमाणे १३८ तुकडे आणि १४ मुलांचे दोन-दोन प्रमाणे २८ तुकडे, असे एकूण १६६ तुकडे झाले.

*पडताळा:* कोणी "किती सँडविच?" असे विचारले तर उत्तर देण्यापूर्वी अख्खी की तुकडे हे विचारून घ्यावे. घरातील एकाने अख्खी धरली आणि दुसऱ्याने तुकडे, तर ब्रेड एकदम दुप्पट किंवा निम्मा येतो. साठ माणसांच्या कामात मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती आकडेमोडीत दिसत नाही, बोलण्यात होते.

२. वाटणी सारणांत करा, मग राखीव तुकडे वाढवा

१६६ ला सरळ दोनाने भागून त्र्याऐंशी-त्र्याऐंशी करणे बरोबर नाही, कारण सगळे पाहुणे दोन्ही सारणे खाणारे नाहीत. जे एकच सारण खाऊ शकतात त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा. जैन कुटुंबांतील ८ मोठ्यांचे २४ आणि २ मुलांचे ४ असे २८ तुकडे पूर्णपणे काकडीचे. उरलेले १३८ तुकडे अर्धे-अर्धे केले की ६९ बटाट्याचे आणि ६९ काकडीचे होतात. म्हणजे काकडीचे ९७ आणि बटाट्याचे ६९.

यावर राखीव तुकडे लागतात. एकच सारण असते तेव्हा थोडी वाढ पुरते, कारण कोणी कमी खाल्ले आणि कोणी जास्त, तरी शेवटी जमते. दोन सारणांत तसे होत नाही. पाहुण्यांचा कल त्या दिवशी कोणत्या बाजूला झुकेल हे आधी कळत नाही, आणि एक ताट रिकामे झाले की दुसऱ्यात उरलेले त्याची भरपाई करत नाही. म्हणून राखीव भाग एकूण आकड्यावर न धरता प्रत्येक सारणावर वेगळा धरावा. मी साठ माणसांमागे प्रत्येक सारणाचे ९ तुकडे वाढवते.

काकडीचे ९७ अधिक ९ म्हणजे १०६ तुकडे, अर्थात ५३ अख्खी सँडविच. बटाट्याचे ६९ अधिक ९ म्हणजे ७८ तुकडे, अर्थात ३९ अख्खी सँडविच. दोन्ही मिळून १८४ तुकडे, म्हणजे ९२ सँडविच. मी खानापूरला केलेल्या एकशेवीसपेक्षा अठ्ठावीस कमी, आणि तरीही काकडीची बटाट्याच्या मानाने चौदा अधिक.

यादीत एकच सारण खाणारे कोणी नसतील तर वाटणी निम्मी-निम्मी ठेवावी. मुले अधिक असतील तर बटाट्याकडे थोडी झुकवावी. चटणी तिखट झाली की मुले काकडीच्या ताटाकडे वळत नाहीत.

*सावधान:* बटाटा टाळला म्हणजे सारण जैन झाले असे नाही. आले हेही कंद आहे, त्यामुळे चटणीत आले आणि लसूण दोन्ही घालू नयेत. चातुर्मासात काही घरांत हिरवा पालाही वर्ज्य असतो आणि काही जण बेकरीचा ब्रेडच खात नाहीत. हे आदल्या आठवड्यातच विचारावे. विचारल्याने कोणाला वाईट वाटत नाही. पान वाढल्यावर नको म्हणावे लागते तेव्हा मात्र दोघांनाही अवघड होते.

३. तुकड्यांवरून स्लाइस आणि स्लाइसवरून पुडे

इथे एक सोपी गोष्ट लक्षात ठेवावी. सँडविच दोन तुकड्यांत कापले की जितके तुकडे तितक्याच स्लाइस लागतात. दोन स्लाइसचे दोन तुकडे झाले, म्हणजे एका तुकड्यामागे एक स्लाइस पडली. त्यामुळे १८४ तुकड्यांना १८४ स्लाइस. गुणाकार नाही, भागाकार नाही. चार तुकडे करणार असाल तरच स्लाइस तुकड्यांच्या निम्म्या होतात, आणि मग दर माणशी तुकडेही दुप्पट धरावे लागतात.

पुडे किती हे वजनावरून ठरवू नये. पुड्यावर ग्रॅम लिहिलेले असतात, पण स्लाइस जाड की पातळ यावर त्यांची संख्या बदलते, आणि स्थानिक बेकरीच्या पुड्यावर कित्येकदा काहीच लिहिलेले नसते. ज्या बेकरीतून ब्रेड घ्यायचा आहे तेथून चार दिवस आधी एक पुडा घरी आणावा, उघडावा आणि स्लाइस मोजाव्यात. दोन्ही टोकांच्या स्लाइस सोडून द्याव्यात, कारण त्यांची एक बाजू पूर्ण तपकिरी असते आणि सँडविच नीट बसत नाही. उरतात त्या वापरण्याजोग्या.

शहापूरच्या वेळी मोठा सँडविच ब्रेड आणला होता. त्यात टोके धरून २२ स्लाइस निघाल्या, म्हणजे वापरण्याजोग्या २०. १८४ ला २० ने भागले की ९.२ येते, म्हणून १० पुडे. दहा पुड्यांत २०० स्लाइस मिळतात. १८४ गेल्यावर १६ उरतात. लोणी लावताना फाटणाऱ्या, मधे भोक पडलेल्या किंवा दबलेल्या स्लाइससाठी एवढ्या पुरतात, त्यामुळे आणखी पुडा लागत नाही. पण भागाकार अगदी पूर्ण सुटला आणि हातात एकही जादा स्लाइस राहत नसेल, तर एक पुडा वाढवावाच. पुड्यात १६ वापरण्याजोग्या स्लाइस असत्या तर १८४ भागिले १६ म्हणजे साडेअकरा, अर्थात १२ पुडे लागले असते.

मात्र स्लाइसचा आकारही पाहावा लागतो, आणि हेच सहसा निसटते. वरचा हिशेब साधारण ११ सेंटीमीटर चौरस स्लाइसचा आहे. लहान पुड्यातील स्लाइस ९ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर दिसायला फरक थोडा वाटतो, पण पृष्ठभाग एकतृतीयांशाने कमी होतो आणि माणूस साहजिकच एक तुकडा अधिक घेतो. अशा वेळी मोठ्यांना ४ आणि मुलांना ३ तुकडे धरावेत. तेच साठ पाहुणे धरले तर ४६ चोक १८४ आणि १४ त्रिक ४२, असे २२६ तुकडे झाले. प्रत्येक सारणाला १२ राखीव धरून २५० तुकडे, म्हणजे २५० स्लाइस. सोळाच्या पुड्याने ते १६ पुडे होतात. मोठ्या ब्रेडचे दहा आणि लहान ब्रेडचे सोळा, हा फरक दुकानात उभे राहून सुचत नाही. म्हणून पट्टी घेऊन मोजणे घरीच उरकावे.

*पडताळा:* दोन सारणांसाठी दोन प्रकारचा ब्रेड, म्हणजे एकाला पांढरा आणि दुसऱ्याला गव्हाचा, वापरणार असाल तर पुडे वेगवेगळे काढून प्रत्येक वेळी वरच्या पूर्ण आकड्यावर न्यावेत. एकाच्या उरलेल्या स्लाइस दुसऱ्याच्या कमतरतेला उपयोगी पडत नाहीत.

४. बेकरीत मागणी

दहा पुडे आयत्या वेळी मिळतील या भरवशावर राहू नये. बेळगावच्या बाजारात कदाचित मिळतील, पण खानापूर किंवा चिकोडीच्या आसपासच्या लहान गावांतील दुकानात एका वेळी चार-पाच पुडेच असतात, आणि तेही वेगवेगळ्या दिवसांचे. मागणी तीन दिवस आधी द्यावी आणि "दहा पुडे" एवढ्यावर थांबू नये. पुडा म्हणजे दुकानदाराच्या मनात लहान पुडाही असू शकतो. "मोठा सँडविच ब्रेड, यंत्रावर कापलेला, दहा पुडे, सगळे एकाच घाण्यातले" असे सांगावे आणि नमुन्याचा पुडा दाखवावा. जैन पाहुणे असतील तर ब्रेडमध्ये अंडे नाही ना, हेही याच वेळी विचारावे.

ब्रेड आदल्या संध्याकाळी घ्यावा. त्याच दिवशीचा गरम ब्रेड चांगला, असे वाटते; पण गरम ब्रेड कापताना दबतो, लोणी लावताना सुरीला चिकटून फाटतो, आणि पुड्यात वाफ धरल्याने स्लाइस एकमेकींना लागतात. एक रात्र गेलेला ब्रेड सुरीखाली नीट राहतो. दोन दिवस आधी मात्र आणू नये. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हवा इतकी ओली असते की बंद पुड्यातही बुरशी लवकर येते. घरी आणल्यावर पुडे एकमेकांवर रचू नयेत, आणि फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीने ब्रेड कोरडा आणि ठिसूळ होतो.

५. सारण, लोणी आणि चटणी यांचे माप

सारणाचे मापही अख्ख्या सँडविचवरून धरावे.

बटाट्याच्या सारणाचे एका सँडविचला सुमारे ५५ ग्रॅम लागते, म्हणजे लिंबाएवढा मोठा गोळा. ३९ सँडविचना ते जवळपास सव्वादोन किलो होते. २ किलो बटाटे सोलून पावणेदोन किलोच्या आसपास राहतात; त्यात ४०० ग्रॅम वाफवलेले मटार घातले की माप बसते. सारण आदल्या रात्री करू नये. सकाळी करावे, परातीत पसरून पूर्ण निवू द्यावे आणि मग झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. पातेल्यात ढीग करून ठेवले तर वरून गार लागते आणि मधे तासन्‌तास गरम राहते. खाताना ब्रेड ओला का लागला आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास का आला, याचे कारण बहुधा हेच असते.

काकडी एका सँडविचला ३० ग्रॅम, पातळ पाच-सहा चकत्या. ५३ सँडविचना सुमारे १.६ किलो, सोलणे, टोके आणि एखादी कडू निघणे धरून २ किलो आणावी. प्रत्येक काकडीचा तुकडा चाखूनच चिरावी. एक कडू काकडी मिसळली की कोणत्या सँडविचमध्ये गेली ते शोधता येत नाही. चकत्यांना मीठ लावू नये, मिठाने पाणी सुटते. चटणीतले मीठ पुरते. चिरलेल्या चकत्या सुती कापडावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने टिपाव्यात.

चटणी एका सँडविचला दोन सपाट चमचे, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास. ५३ ला साडेपाचशे ग्रॅम लागते, ६०० ग्रॅम करावी. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लिंबू आणि दाटपणासाठी मूठभर फुटाण्याची डाळ वाटताना पाणी शक्य तितके कमी घालावे. चमचा तिरपा केल्यावर चटणी घसरावी, पण ओघळू नये. ओघळत असेल तर अर्धा तास मलमलच्या कापडात टांगून ठेवावी.

लोणी हा ब्रेड आणि ओल यांच्यामधला पडदा आहे, म्हणून ते चवीपुरते न धरता दोन्ही स्लाइसवर अगदी कडेपर्यंत लावावे. एका स्लाइसला ५ ग्रॅम धरले तर १८४ स्लाइसना ९२० ग्रॅम होते, म्हणजे ५०० ग्रॅमचे दोन पुडे. विकतचे बटर खारट असते, त्यामुळे बटाट्यात मीठ हात राखून घालावे. घरचे लोणी चवीला कितीही चांगले असले तरी त्यात ताकाचा अंश राहतो आणि ब्रेड त्यानेच ओला होतो. तेच वापरायचे असेल तर गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन, दाबून सगळे पाणी काढावे.

*पडताळा:* एकच सँडविच पूर्ण बनवून पंधरा मिनिटे ठेवावे आणि मग कापावे. सारण बाहेर येत असेल तर जास्त आहे. मधल्या भागात ब्रेडचा रंग गडद होऊन ओला दिसत असेल तर लोणी कडेपर्यंत पोहोचलेले नाही किंवा चटणी पातळ आहे. ९२ सँडविच बनवून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

६. भरण्याचा क्रम

चार जण बसले तर साधारण मिनिटाला एक सँडविच होते: दोघे लोणी लावणारे, एक भरणारा, एक कापून रचणारा. त्यानुसार बटाट्याची ३९ ना चाळीस मिनिटे आणि काकडीची ५३ ना तासाभराहून थोडे कमी लागते. खाणे साडेपाचला द्यायचे असेल तर तीन वाजता सुरुवात करावी. बटर दोन वाजताच बाहेर काढून मऊ होऊ द्यावे. घट्ट बटर लावायला गेले की स्लाइस फाटतात, आणि राखून ठेवलेल्या सोळा स्लाइस त्यातच संपतात.

आधी बटाट्याची, मग काकडीची करावीत. बटाट्याचे सारण कोरडे असते, ती सँडविच टिकतात. काकडी जितका वेळ आत राहील तितके पाणी सोडते. बटाट्याची झाली की ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने झाकून फ्रीजमध्ये ठेवावीत. त्यासाठी फ्रीजचे दोन कप्पे सकाळीच मोकळे करून ठेवावेत. हे आधी केले नाही तर भरलेली ताटे घेऊन स्वयंपाकघरात उभे राहावे लागते.

पुड्यातील स्लाइस काढताना त्यांचा क्रम मोडू नये. शेजारच्या दोन स्लाइस पुस्तकाच्या पानांसारख्या उघडाव्यात, आतल्या बाजूंना लोणी लावावे, सारण ठेवावे आणि तशाच मिटाव्यात. एकाच पुड्यातील शेजारच्या स्लाइसच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या स्लाइस जोडल्या की एका बाजूने सारण डोकावते. पुड्यात वापरण्याजोग्या स्लाइस विषम असतील तर शेवटची पुढच्या पुड्यातील पहिलीशी जोडावी. ती बाजूला टाकली तर दहा पुड्यांत पाच सँडविच कमी होतात.

काकडीचे काम सुरू करताना पोळपाट, सुरी आणि लोण्याचे भांडे तिन्ही बदलावे. लोण्याचे भांडे विसरले जाते. बटाट्याची सुरी त्यात गेलेली असते आणि त्यात सारणाचे कण राहतात. म्हणून लोणी आरंभीच दोन भांड्यांत काढावे: बटाट्याच्या कामाला ४०० ग्रॅम आणि काकडीच्या कामाला ५५० ते ६०० ग्रॅम. काकडीचे भांडे झाकून दुसऱ्या खोलीत ठेवले तर चूक होतच नाही.

कापताना बटाट्याची तिरकी कापून त्रिकोण करावेत आणि काकडीची सरळ कापून आयत करावेत. तुकडे दोन्हींत दोनच होतात, त्यामुळे हिशेब बदलत नाही, पण कोणते काय हे लांबूनही कळते. ताटावर चिठ्ठी लावण्याहून हे बरे, कारण तुकडे एका ताटातून दुसऱ्यात गेले तरी आकार तोच राहतो. सुरी दर चार-पाच सँडविचनंतर ओल्या कापडाने पुसावी, म्हणजे कड दबत नाही.

*सावधान:* कडा काढायच्या की नाही हे आधीच ठरवावे. काढल्या तर तुकडा लहान होतो आणि मागे सांगितल्याप्रमाणे माणशी तुकडे वाढतात. साठ माणसांच्या घरच्या कार्यक्रमात कडा ठेवणेच योग्य, असे माझे मत आहे. कडेमुळे तुकडा हातात सरळ राहतो आणि मुलांच्या हातून सारण सांडत नाही.

७. मांडणी

सगळे एकदम बाहेर काढू नये. जैन कुटुंबांचे २८ तुकडे प्रथम वेगळ्या ताटात काढून झाकावेत आणि त्या घरातील माणसे आल्याबरोबर ते ताट त्यांच्यापुढे न्यावे. सूर्यास्तानंतर न खाणारी वडीलधारी मंडळी असतील तर केकची वाट पाहू नये. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खानापूरला माझ्याकडून नेमके हेच राहिले. काकडीची सगळी सँडविच एकाच ताटात होती, ती आधी आलेल्यांनी आवडीने खाल्ली, आणि ज्यांच्यासाठी ती केली होती त्यांना फक्त चिवडा मिळाला.

बाकीचे दोन खेपांत मांडावे. पहिल्या खेपेला प्रत्येक सारणाचे निम्मे तुकडे ठेवावेत आणि वीस मिनिटांनी कोणते ताट लवकर रिकामे होत आहे ते पाहावे. काकडीचे लवकर संपत असेल तर दुसऱ्या खेपेतील काही तुकडे मागे ठेवून ताट थोडे-थोडे भरावे. बटाट्याची सँडविच फ्रीजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात, विशेषतः मांडव बाहेर असेल तर, एका तासाचीच मर्यादा धरावी.

ऐन वेळी पाच-सहा माणसे अधिक आली तर घाबरण्याचे कारण नाही. एका मोठ्या माणसामागे तीन तुकडे, म्हणजे तीनच स्लाइस. उरलेल्या सोळा स्लाइस न फाटता राहिल्या असतील तर त्यांत पाच माणसांचे भागते. त्यासाठी वाटीभर चटणी, दोन काकड्या आणि थोडे बटर शेवटपर्यंत बाजूला असू द्यावे. कोणी आले नाही तर त्याच स्लाइस आणि वीस टोके दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात परतून न्याहारीला होतात. भरलेली सँडविच मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नयेत. उरतील ती त्याच संध्याकाळी, दोन तास होण्याच्या आत, जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर बांधून द्यावीत.